नोटीस वाचली, पण कळली का?

गोष्ट २०२३ च्या खरिपातली आहे. जुलै महिन्यात एका रविवारी रात्री अकराच्या सुमारास ओढ्याला पाणी आले आणि ओढ्याकाठच्या दहा-बारा शेतकऱ्यांचे सोयाबीन पाण्याखाली गेले. पाणी दोन दिवस हलले नाही. त्यातले एक शेतकरी, गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, शुक्रवारी माझ्याकडे आले. विमा भरल्याची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून व्यवस्थित आणली होती.

"तात्या, फोन केला होता का कंपनीला?" मी विचारले.

"नाही साहेब. तुमच्या त्या कागदावर पूर्वसूचना द्या म्हणून लिहिलंय. पूर्वसूचना म्हणजे आधी द्यायची ना? आता पाणी येणार हे मला आधी कसं कळावं? म्हटलं, आपलं काही यात बसत नाही. काल शेजाऱ्याचा पंचनामा झाला तेव्हा कळलं."

त्या हंगामातल्या नियमाप्रमाणे नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचे होते. ती मुदत बुधवारी रात्री अकराला संपली होती. तात्यांचा दावा बसला नाही.

तात्या अडाणी नाहीत. सातवी शिकलेले आहेत, रोज पेपर वाचतात. ग्रामपंचायतीच्या फलकावरची ती नोटीस त्यांनी दोनदा वाचली होती. आणि ती नोटीस मीच लिहिली होती. लिहिली म्हणजे काय, परिपत्रकातला मजकूर उचलून खाली सही केली होती. मजकूर असा होता :

"प्रधानमंत्री पीक विमा योजनेंतर्गत सहभागी झालेल्या विमाधारक शेतकऱ्यांनी अधिसूचित क्षेत्रातील अधिसूचित पिकाचे गारपीट, भूस्खलन, विमा संरक्षित क्षेत्र जलमय होणे इत्यादी स्थानिक नैसर्गिक आपत्तीमुळे नुकसान झाल्यास नुकसानीची पूर्वसूचना सदर घटना घडल्यापासून ७२ तासांच्या आत विमा कंपनी, संबंधित बँक, कृषी विभाग अथवा टोल फ्री क्रमांकाद्वारे बाधित पिकाच्या तपशीलासह देणे अनिवार्य असून विहित मुदतीत पूर्वसूचना प्राप्त न झाल्यास नुकसान भरपाईचा दावा ग्राह्य धरला जाणार नाही, याची नोंद घ्यावी."

यात एकही गोष्ट चुकीची नाही. वरिष्ठांनी पाहिली असती तरी कोणी बोट ठेवले नसते. पण बियाणे पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण पाहतो, तशी या कागदाची उगवण मी कधी तपासली नव्हती. त्या शुक्रवारनंतर ती तपासली. कशी, ते सांगतो.

आधी शब्द मोजले

पहिले काम पेन घेऊन बसायचे. शब्द मोजायचे आणि पूर्णविराम मोजायचे. शब्दांना पूर्णविरामांनी भागले की एका वाक्यात सरासरी किती शब्द आहेत ते निघते. माझ्या नोटिशीत भागायची गरजच पडली नाही. शब्द ६५ आणि पूर्णविराम एक.

तुलनेसाठी शाळेतून चौथीचे मराठीचे पुस्तक आणले. धड्यातला एक उतारा घेऊन शंभर शब्दांपर्यंत मोजत गेलो. त्यात बारा पूर्णविराम निघाले, म्हणजे वाक्याला आठ-नऊ शब्द. पुढच्या इयत्तांची पुस्तके अशीच मोजली तर आपला कागद साधारण कोणत्या इयत्तेच्या वळणाचा आहे, याचा ढोबळ अंदाज येतो. माझा कागद कोणत्याच इयत्तेच्या जवळपास नव्हता.

लांब वाक्य मराठीत जास्त जड का जाते, याला एक कारण आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते. कोणी करायचे हे आधी कळते, काय करायचे हे वाक्य संपताना. माझ्या नोटिशीत 'शेतकऱ्यांनी' हा शब्द आठवा आहे. त्यांनी काय करायचे, तर 'देणे अनिवार्य'. हे शब्द सत्तेचाळिसावे आणि अठ्ठेचाळिसावे आहेत. मधले ३८ शब्द वाचणाऱ्याने डोक्यावर पाटी धरल्यासारखे धरून ठेवायचे, मग त्याला कळणार की आपल्याला काहीतरी द्यायचे आहे. नुसती सरासरी काढण्यापेक्षा हे अंतर मोजणे मला जास्त उपयोगी वाटले.

दुसरी युक्ती क्रियापदांखाली रेघ मारण्याची. झालेल्या, होणे, झाल्यास, घडल्यापासून, देणे, असून, पुन्हा झाल्यास, धरला जाणार नाही, घ्यावी. नऊ निघाली. म्हणजे एका वाक्याच्या पोटात लहान लहान बरीच वाक्ये कोंबलेली होती. 'असून' हा तर सरकारी मराठीतला सांधा आहे. जिथे पूर्णविराम द्यायला हवा, तिथे आपण 'असून' घालतो आणि पुढे जातो.

शब्दांची लांबी फसवते

वाचनाची पातळी मोजायची सूत्रे इंग्रजीत जुनी आहेत. अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली एक सूत्र मांडले. वाक्यात किती शब्द आणि शब्दात किती उच्चारखंड, या दोन गोष्टींवरून ते मजकूर सोपा की अवघड हे सांगते. ते सूत्र इंग्रजी मजकुरावर बसवलेले आहे. मराठीला तसेच लावले तर काय होते ते पाहा.

'शेतकऱ्यांनी' या शब्दात पाच अक्षरे आहेत. सूत्राच्या हिशेबाने हा लांब, म्हणून अवघड. पण तो पहिलीतले पोरही ओळखते. आपण प्रत्यय शब्दालाच चिकटवतो, त्यामुळे साधे शब्दही लांब होतात. उलट 'सदर' तीन अक्षरी, 'विहित' तीन अक्षरी, 'ग्राह्य' तर दोनच अक्षरी. सूत्र म्हणेल हे सोपे. गावात विचारून पाहा. एकाने मला 'सदर घटना' म्हणजे 'सदरेवर घडलेली घटना' असे सांगितले आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

म्हणून वाक्याची लांबी मोजावी, ती मराठीतही कामाला येते. शब्दांचा अवघडपणा मात्र अक्षरे मोजून ठरवू नये.

त्यासाठी दुसरी एक चाचणी आहे, ती कोणत्याही भाषेत चालते. विल्सन टेलर यांनी ती १९५३ साली मांडली. मजकुरातला दर पाचवा शब्द खोडायचा, तिथे सारख्या लांबीची रेघ ठेवायची आणि वाचणाऱ्याला रिकाम्या जागा भरायला सांगायच्या. मूळ शब्दच भरला तर गुण, शुद्धलेखन पाहायचे नाही. साधारण शंभरात साठ जागा बरोबर आल्या तर तो कागद माणूस एकट्याने वाचून समजू शकतो. चाळिसाच्या खाली आल्या तर कागद त्याच्या आवाक्याबाहेरचा. मधे असेल तर कोणीतरी समजावून द्यावे लागते. नेमाने करायची तर अडीचशे शब्दांचा मजकूर आणि पन्नास जागा घेतात. माझ्याकडे ६५ शब्द होते, तेरा जागा झाल्या, तेव्हा आकड्याला फार महत्त्व देता येत नव्हते.

तरी दूध संकलन केंद्रावर सहा जणांकडून भरून घेतले. पाचच्या वर कोणाच्या बरोबर आल्या नाहीत. 'विहित' कोणालाच सुचला नाही. मात्र एक जागा सहाही जणांनी बरोबर भरली. 'याची नोंद ____' इथे सगळ्यांनी 'घ्यावी' लिहिले. सरकारी कागदाची चाल लोकांना पाठ आहे. कशाची नोंद घ्यायची, ते मात्र त्यातल्या चौघांना सांगता आले नाही.

'समजलं का?' विचारू नका

यानंतरचे काम माणसांवरच्या चाचणीचे, आणि खरे दोष तिथेच बाहेर पडले.

मी नऊ जण निवडले. ज्यांच्यासाठी कागद आहे तेच घ्यायचे, म्हणजे विमा भरलेले शेतकरी. सरपंच, मास्तर, कॉलेजात जाणारी मुले यांना वगळले. तिघे चौथीपर्यंत शिकलेले, तिघे सातवी ते दहावी, आणि तिघे असे की जे कागद दुसऱ्याकडून वाचून घेतात. त्यात तीन बायका होत्या. हे मुद्दाम केले, कारण घरचा माणूस बाहेरगावी असला की फोन त्यांनाच करावा लागतो.

एकेकाला वेगळे बसवायचे. पारावर चौघांसमोर विचारले की एकजण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. सुरुवातीला सांगायचे की परीक्षा तुमची नाही, कागदाची आहे. जिथे अडखळाल तिथे दोष लिहिणाऱ्याचा. "चष्मा घरी राहिला" असे कोणी म्हणाले तर त्याला पेचात पकडायचे नाही. कागद हळू वाचून दाखवायचा आणि पुढचे प्रश्न तेच विचारायचे. पुष्कळांपर्यंत नोटीस कानानेच पोचते, तेव्हा तीही चाचणीच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "समजलं का?" असे विचारणे. साहेबांसमोर "नाही" कोण म्हणणार? मी तीन प्रश्न ठरवले. एक, हे तुमच्या शब्दांत शेजाऱ्याला कसे सांगाल? दोन, रविवारी रात्री अकरा वाजता तुमच्या शेतात पाणी शिरले, तर कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवाल? तीन, फोनवर काय काय सांगाल? उत्तरे जशीच्या तशी त्यांच्या बोलीत लिहून घेतली. मधे दुरुस्ती केली नाही, हे जड जाते पण करावेच लागते.

जुन्या नोटिशीवर नऊपैकी दोघांनी मुदत बरोबर सांगितली. पाच जणांनी 'पूर्वसूचना'चा अर्थ आधी द्यायची सूचना असाच केला. तात्या एकटे नव्हते. शब्दाचा अर्थही तोच आहे की. नुकसानीची पाहणी होण्याआधी द्यायची म्हणून ती पूर्वसूचना, असा कार्यालयाच्या बाजूने अर्थ लागतो. शेतकऱ्याच्या बाजूने ती नुकसान झाल्यानंतरची खबर असते.

पहिली दुरुस्ती फसली

आता मी नोटीस पुन्हा लिहिली. वाक्ये तोडली, सदर-विहित काढले. सरासरी आठ शब्दांवर आली. मनात म्हटले, झाले काम. 'पूर्वसूचना' तेवढा ठेवला, कारण अर्जावर आणि मोबाईलच्या ॲपवर तोच शब्द होता. वाक्य असे केले : "पूर्वसूचना ७२ तासांत द्या." चार शब्द. याहून सोपे काय असणार?

या वेळी नवे नऊ जण घेतले. तीच माणसे पुन्हा घेतली तर पहिल्या खेपेला ऐकलेले उत्तर देतात, कागद वाचून नव्हे. नऊपैकी चौघांची मुदत बरोबर आली. म्हणजे वाक्य ६५ शब्दांवरून आठवर आले, आणि नीट समजणारे दोनाचे चार झाले.

उरलेल्या पाच जणांत दोघे 'पूर्वसूचना'वर अडले, ते अपेक्षित होते. पण तिघे '७२ तास' या आकड्यावर अडले, हे माझ्या स्वप्नातही नव्हते. एकाने पहिला दिवस सोडून मोजले, कारण इतर कागदांत मुदत तशी मोजतात असे त्याला कोणी सांगितले होते. एका बाईने कचेरीचे तास मोजले. दिवसाला आठ तास कचेरी चालते, तर ७२ तास म्हणजे नऊ दिवस. हिशेब पक्का होता! तिसऱ्याने शनिवार-रविवार वजा केला. आकडा सोपा, वाक्य सोपे, आणि तरी तिघांची मुदत गेली असती. हे शब्द मोजून कधीच कळले नसते.

आणखी एक गोष्ट निघाली. दोघांनी शेजाऱ्याला सांगताना म्हटले, "फोन केला की पैसे येतात." मी तसे कुठेच लिहिले नव्हते. पण 'न कळवल्यास भरपाई नाही' असे लिहिले की वाचणारा 'कळवल्यास भरपाई आहे' हे आपोआप धरतो. मजकूर सोपा करताना न दिलेले आश्वासन दिल्यासारखे होते, याकडे नोटीस लिहिणाऱ्यांनी लक्ष ठेवावे. उद्या भांडण आपल्याच दारात येते.

तिसऱ्या खेपेचा मजकूर असा झाला :

"शेतात पाणी साचून, गारपिटीने किंवा दरड कोसळून पिकाचे नुकसान झाले, तर लगेच कळवा. नुकसान झाले त्या वेळेपासून तीन दिवस आणि तीन रात्री, म्हणजे ७२ तास मिळतात. रविवारी रात्री ११ वाजता पाणी शिरले, तर बुधवारी रात्री ११ पर्यंत कळवायचे. सुट्टीचे दिवसही यात मोजतात. टोल फ्री नंबरवर फोन करा, किंवा विमा कंपनी, बँक, कृषी कार्यालय यांपैकी एका ठिकाणी कळवा. गाव, गट नंबर, पीक आणि नुकसान कशाने झाले, एवढे सांगा. कळवल्यावर पाहणी होते, मग भरपाई ठरते. उशीर झाला तर भरपाई मिळणार नाही. या कळवण्याला सरकारी कागदात 'पूर्वसूचना' म्हणतात."

मोजून पाहा. नऊ वाक्ये, ८५ शब्द. म्हणजे जुन्या नोटिशीपेक्षा वीस शब्द जास्तच झाले. सरासरी साडेनऊच्या आसपास, फसलेल्या दुसऱ्या खेपेपेक्षा तीही जास्त. कागद सोपा करणे म्हणजे कागद लहान करणे, असा माझा समज होता तो इथे गेला. रविवार-बुधवारचे उदाहरण बारा शब्दांचे आहे आणि सगळ्यात जास्त काम त्यानेच केले. 'पूर्वसूचना' हा शब्द काढून टाकता येत नव्हता, कारण पुढे अर्जात तो भेटणारच. म्हणून शेवटी ठेवला, आधी काम सांगून मग त्याचे सरकारी नाव.

चाचणीत मी उदाहरणातलाच वार विचारला असता तर उत्तर कागदावरून वाचले गेले असते. म्हणून या खेपेला प्रश्न बदलला. गुरुवारी पहाटे चार वाजता गारा पडल्या, कधीपर्यंत? नव्या नऊ जणांपैकी आठांनी रविवारी पहाटे चार सांगितले. नववे आजोबा म्हणाले, मी शेतात जाऊन बघीन तेव्हापासून मोजीन. हा प्रश्न त्यांचा बरोबर आहे. मळा दोन कोसांवर असला तर नुकसान कळायलाच दिवस जातो. पण नियम घटनेच्या वेळेपासून होता, तो मला बदलता येत नव्हता. भाषेने नियमाची अडचण सुटत नाही, फक्त दिसू लागते. वरच्या कार्यालयाला ती स्वतंत्र कळवली.

फलकावर लावण्याआधी नवा मजकूर मूळ परिपत्रकाशेजारी ठेवून तालुक्याच्या कार्यालयातून तपासून घेतला. मुदत, ठिकाणे, नुकसानीची कारणे यांतले काही गळले नाही ना, एवढेच पाहायला सांगितले. "भाषा फार साधी झाली, सरकारी वाटत नाही," असा शेरा मिळाला. सही मात्र झाली.

नऊ माणसांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि ही चाचणी त्यासाठी नाहीच. कागदात भोक कुठे आहे ते शोधायचे असते. दोन-तीन जण एकाच शब्दावर अडखळले की तो शब्द धरायचा, दुरुस्त करायचा आणि नव्या माणसांपुढे ठेवायचा. मला तीन खेपांना मिळून चार संध्याकाळी लागल्या. खर्च चहाचा.

एक सूचना. वरचा मजकूर २०२३ च्या नियमांवर लिहिलेला आहे. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात पीक विम्याचे नियम बदलले आहेत, तेव्हा कोणी तो तसाच फलकावर लावू नये. ज्या हंगामाचा विमा, त्या हंगामाची अधिसूचना पाहावी आणि त्यावरून नवा मजकूर करावा.

सध्या आमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी घरपट्टीच्या थकबाकीची नोटीस माझ्याकडे दिली आहे. पहिलेच वाक्य ४८ शब्दांचे आहे आणि त्यात 'असून' दोनदा आला आहे. क्रियापदांखाली रेघा मारून झाल्या. गुरुवारी बाजाराच्या दिवशी नऊ माणसे शोधायची आहेत. तात्या म्हणाले, त्यातले एक मला धरा, माझीही थकबाकी आहे.